कागद कोणता, ते तळाशी पाहा

आपल्याकडे दुकानातून मिळणाऱ्या कोणत्याही कागदाला ‘पावती’ म्हणण्याची रीत आहे. खताच्या दुकानातून आणलेला कागद ही पावती, ट्रॅक्टरवाल्याने दिलेला कागद ही पावती, आणि मोटर भरून आणणाऱ्या टेम्पोच्या ड्रायव्हरने सही घेऊन हातात ठेवलेला कागद हीही पावतीच. घरात बोलताना याने काही बिघडत नाही. पण तोच कागद फोटो काढून कुठे पाठवायचा झाला, की ही एका शब्दाची सोय चांगलीच महागात पडते. कारण कोटेशन, चलन, बिल आणि पावती हे चार वेगळे कागद आहेत आणि एकाचे काम दुसरा करीत नाही.

मी तालुक्याच्या गावी शेतीअवजारांच्या एका दुकानात एकवीस वर्षे वह्या लिहिल्या. हे चारही कागद रोज हाताखालून जात. आता ते काम सोडले, पण नातेवाइकांचे फोन काही सुटले नाहीत. असाच २०२५ च्या डिसेंबरात माझ्या भाचीचा फोन आला. ती सोलापूर जिल्ह्यात दिलेली आहे. सासरे, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, त्यांनी महाडीबीटीवर अर्ज करून रोटाव्हेटर घेतला होता. यंत्र दारात येऊन उभे होते. घरातले फोनवरचे काम भाचीकडे. ती म्हणाली, “मामा, बिल चढवायचंय. आबांनी चार फोटो पाठवलेत. त्यातलं बिल कुठलं तेवढं सांगा.”

मी म्हटले, “फोटो पाठव.” फोटो आले आणि माझ्या लक्षात आले, की अक्षर लावून वाचण्याजोगा त्यातला एकही नव्हता. एक हललेला, एक उन्हात पांढरा पडलेला, एकाचे डोके कापलेले, आणि एकावर आबांचा अंगठा. तरीही त्यातल्या तीन कागदांची ओळख मला एका नजरेत पटली. चौथ्याने मात्र मलाही क्षणभर फसवले. ती ओळख कशी पटली आणि चौथ्याने कसे फसवले, तेच आज आपल्याला सांगायचे आहे. आपल्या घरातही अर्ज भरणारी मुलगी एके गावी आणि कागद सांभाळणारे वडील दुसऱ्या गावी, असे आता नेहमीचेच झाले आहे.

प्रथम एक गोष्ट सांगतो. कागद ओळखताना सगळे जण वर पाहतात. वर दुकानाचे नाव, देवाचे चित्र, पत्ता, फोन. पण हे चारही कागदांवर सारखेच असते, कारण छापखाना एक आणि दुकानही एकच. फरक असतो तो खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. कागद कशासाठी लिहिला, कोणी कोणाला काय कबूल केले, हे सारे तळाशी येते. म्हणून फोटो हाती आला, की नजर आधी तळाशी न्यावी.

पहिला फोटो

पांढरा, उभा, मोठा कागद, घडी पडलेला. वरच्या अर्ध्या भागात पत्रासारख्या चार ओळी, मग एक लहानसा तक्ता, तीनच ओळींचा. तक्त्याखाली आकड्यांची उतरंड नाही. त्याऐवजी एकाखाली एक पाच-सहा ओळी, प्रत्येकीच्या सुरुवातीला क्रमांक. मग सही आणि गोल शिक्का. त्याखाली तळहाताएवढी जागा कोरी.

हे कोटेशन. मराठीत दरपत्रक. कोटेशन म्हणजे मुळात दुकानदाराने आपल्याला लिहिलेले पत्र, म्हणून त्याचा घाट पत्राचा असतो. ‘प्रति’, ‘विषय’, ‘आपल्या मागणीनुसार’ अशी सुरुवात आणि शेवटी अटी. ही किंमत किती दिवसांपर्यंत धरली जाईल, माल किती दिवसांत मिळेल, पैसे कसे द्यायचे, कर आणि वाहतूक किमतीत आहे की वेगळी, हे त्या क्रमांक घातलेल्या ओळींत असते. अक्षर लागले नाही तरी अटींची ती रांग फोटोत स्पष्ट दिसते. बिलावरही कधी कधी अटी असतात. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही तर आपल्या ओळखीचीच. पण बिलावरच्या अटी बारीक टायपात, एका कोपऱ्यात दाबून बसवलेल्या असतात. कोटेशनवर त्या मोठ्या अक्षरांत, ऐसपैस, कारण त्याच तर त्या कागदाचा जीव.

कोटेशनने व्यवहार झालेला नसतो. ते घेऊन तुम्ही घरी गेलात आणि यंत्र घेतलेच नाही, तरी कोणी काही म्हणू शकत नाही. यांत्रिकीकरणाच्या योजनेत त्याला आपली जागा आहे. अर्ज मंजुरीला जाताना यंत्राच्या तपासणी अहवालाबरोबर ते जोडावे लागते. मग पूर्वसंमती मिळते आणि त्यानंतरच यंत्र घ्यायचे असते. म्हणजे कोटेशन पूर्वसंमतीच्या अलीकडचे आणि बिल पलीकडचे. आबांच्या कोटेशनवर तारीख होती ३ नोव्हेंबर. पूर्वसंमती आली होती २० नोव्हेंबरला. तारखा जुळत होत्या. या कागदाचे काम होऊन गेले होते.

दुसरा फोटो

गुलाबी कागद, हाताने लिहिलेला, अक्षर फिकट निळसर. आडव्या ओळींचा तक्ता छापलेला, पण त्यातल्या दोनच ओळी भरलेल्या. उजवीकडचे दोन रकाने वरपासून खालपर्यंत मोकळे. आणि तळाशी दोन सह्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. डावीकडची सही जाड निळ्या शाईची.

भाचीला विचारले, “डावीकडची सही कोणाची?”

“आबांचीच आहे. लपेटा त्यांचाच.”

तर मग प्रश्नच मिटला. हे डिलिव्हरी चलन. चारही कागदांत हा एकच असा, की ज्यावर घेणाऱ्याने सही करणे हेच मुख्य काम असते. बाकी तिन्हींवर दुकानदार सही करतो आणि आपण कागद घेतो. चलनावर आपण सही करतो आणि दुकानदार, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, कागद घेऊन जातो. आपल्याकडे एक प्रत राहते. त्या डाव्या सहीच्या वर ‘वरील माल सुस्थितीत मिळाला’ अशा अर्थाची एक ओळ छापलेली असते. तेव्हा फोटोत तळाच्या डाव्या बाजूला सहीची जागा दिसली, की चलनाचा संशय घ्यावा.

मोकळ्या रकान्यांचे कारणही साधे आहे. चलन हा मालाचा कागद आहे, पैशाचा नाही. ड्रायव्हरला आणि वाटेत तपासणाऱ्याला ‘गाडीत काय आहे आणि किती नग आहेत’ एवढे कळायला हवे. म्हणून नगांचा रकाना भरलेला, दराचा आणि रकमेचा मोकळा. खाली बेरीज असलीच तर ती नगांची. आबांच्या चलनावर दोन ओळी होत्या, रोटाव्हेटर एक आणि जोडणीचा शाफ्ट एक. बेरीज दोन. रुपयांचा उल्लेख कुठे नाही.

पण येथे एक सावधगिरी हवी. जीएसटीच्या नियमांप्रमाणे केलेल्या पक्क्या चलनावर मालाची किंमत आणि कधी कराची रक्कमही लिहिलेली असते. असे चलन संगणकावर छापलेले असले, तर ते बिलासारखे दिसते. अशा वेळी मोकळ्या रकान्यांवर विसंबू नये. डावीकडची सही पाहावी आणि वरच्या बाजूला गाडीचा क्रमांक पाहावा. रंगावरही फार भरवसा ठेवू नये. गुलाबी आणि पिवळा कागद म्हणजे एवढेच, की ही कार्बनखालची प्रत आहे. बिलाची दुसरी प्रतही गुलाबी असू शकते.

चलनावर सही करताना मात्र हात आवरावा. एकदा ‘सुस्थितीत मिळाला’ याखाली सही झाली, की दाता वाकलेला होता किंवा शाफ्ट आलाच नव्हता, हे सांगणे जड जाते. काही कमी असेल तर सहीच्या शेजारी तेथेच दोन शब्द लिहावेत आणि ते ड्रायव्हरच्या प्रतीवरही उमटू द्यावेत.

तिसरा फोटो

हा सगळ्यांत सोपा. लहान आडवा कागद, पोस्टकार्डाहून थोडा मोठा. डावी कड फाडलेल्या भोकांची, खरबरीत. तक्ता नाहीच. त्याऐवजी चार लांब ओळी, ठिपक्यांवर हाताने भरलेल्या. डाव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट आणि तीत मोठ्या आकड्यांत ४०,०००. उजवीकडे तिकीट आणि तिकिटावरून ओढलेली सही.

ही खरी पावती. पावती म्हणजे पैसे पावल्याची कबुली, बस. तिच्यात तक्ता नसतो, कारण तिला मालाशी देणेघेणे नसते. तिच्यात एक वाक्य असते: अमुक यांजकडून, अक्षरी रुपये इतके, रोख अगर चेकने, अमक्याबद्दल मिळाले. तक्ता नाही आणि वाक्य आहे, एवढ्यावर पावती ओळखता येते. ५,००० रुपयांवरच्या पावतीला एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावरून सही करायची असते. तो लहानसा चौकोन फोटोत उठून दिसतो.

आबांनी चाळीस हजार चेकने दिले होते. अशा पावतीच्या तळाशी पुष्कळदा बारीक अक्षरांत ‘चेक वटल्यास’ अशी ओळ असते, ती दृष्टीआड करू नये. आणखी एक जागा पाहावी, ‘बद्दल’ या शब्दापुढची. तेथे बिलाचा क्रमांक लिहिलेला असेल, तर पैसे त्या बिलापोटी जमा झाले हे पक्के होते. आबांच्या पावतीवर तेथे नुसते ‘रोटाव्हेटर’ लिहिले होते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. क्रमांक लिहायला बिल तयारच नसेल तर दुकानदार काय लिहिणार?

चौथा फोटो

आता उरला तो चौथा. पांढरा, उभा, संगणकावर छापलेला. सगळीकडे चौकटी. वर डावीकडे विकणारा आणि त्याखाली घेणारा, उजवीकडे लहान लहान खणांची जाळी. मध्ये रुंद तक्ता, सात रकान्यांचा. आणि तळाशी उजवीकडे आकड्यांची उतरंड, ती मात्र वाचता येत होती:

मालाची किंमत १,१२,०००, त्याखाली सीजीएसटी २,८००, त्याखाली एसजीएसटी २,८००, आणि रेघेखाली १,१७,६००. शेजारी तीच रक्कम अक्षरी, ‘एक लाख सतरा हजार सहाशे फक्त’.

ही उतरंड म्हणजे बिलाचे तोंड, असे मी नेहमी सांगत आलो. किंमत, मग केंद्राचा कर, मग राज्याचा कर, मग एकूण. रोटाव्हेटरवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, त्याआधी १२ होता. पाचाचे दोन भाग, अडीच आणि अडीच. म्हणून दोन सारखे आकडे एकाखाली एक. कागद कितीही धूसर असला तरी दोन जुळे आकडे आणि त्याखाली मोठी बेरीज दिसली, की बिल म्हणायला हरकत नाही. आपल्या बाजार समितीतल्या हिशोबपट्टीलाही अशी उतरंड असते, पण ती उलटी. तेथे वरचा आकडा मोठा आणि हमाली, तोलाई वजा होत खालचा लहान. बिलात खालचा मोठा.

मी भाचीला सांगितले, “हेच बिल, चढव.” आणि फोन ठेवला.

पाचच मिनिटांत मला चैन पडेना. फोटोचे डोके कापलेले होते, शीर्षक दिसत नव्हते. पण मन खात होते ते मधल्या तक्त्यापाशी. तक्त्यातल्या ओळीत ‘रोटाव्हेटर’, कंपनीचे नाव आणि माप एवढेच होते. त्याखाली आणखी एक ओळ असायला हवी होती, यंत्राच्या क्रमांकाची. प्रत्येक यंत्रावर पत्र्याची एक पट्टी असते आणि तिच्यावर त्या एका नगाचा क्रमांक ठोकलेला असतो. बिल करताना तो क्रमांक मालाच्या नावाखाली लिहितात. मी स्वतः शेकडो वेळा लिहिला आहे. येथे ती जागा मोकळी होती. उजवीकडच्या जाळीतले खणही पाहिले. दोन भरलेले, बाकी कोरे. चलन क्रमांकाचा खण कोरा, गाडी क्रमांकाचा खण कोरा.

परत फोन लावला. “थांब, चढवू नकोस. आबांना सांग, कागद ओट्यावर सपाट ठेवून चारही कोपरे येतील असा फोटो पाठवा.”

नवा फोटो आला. शीर्षक होते ‘प्रोफॉर्मा इनव्हॉइस’. तारीख १० नोव्हेंबर. पूर्वसंमतीच्या दहा दिवस आधीची.

वाचकहो, या कागदाला नीट ओळखून ठेवा. तो बिलाचे कपडे घातलेले कोटेशन आहे. बँकेतून कर्ज काढायचे असेल किंवा ग्राहकाला करासह नेमका आकडा हवा असेल, तर दुकानदार संगणकात बिलाच्याच साच्यात माहिती भरतो आणि शीर्षक तेवढे बदलतो. त्यात लबाडी नाही. व्यापारात तो रीतसर वापरला जाणारा कागद आहे. पण तो बिल नव्हे. नुसत्या घाटावरून कागद ओळखण्याची विद्या येथे संपते, हेही मान्य केले पाहिजे. रचना तीच, उतरंड तीच, सही-शिक्का तोच.

तरी तीन खुणा उरतात. पहिली म्हणजे यंत्राचा क्रमांक. प्रोफॉर्मा लिहिला जातो तेव्हा कोणता नग तुमच्याकडे जाणार हे ठरलेलेच नसते, कदाचित तो दुकानात आलेलाही नसतो. मग क्रमांक कोठून येणार? दुसरी खूण म्हणजे माल निघाल्याचे कोरे खण: चलन, गाडी, पाठवल्याची तारीख. ही खूण तिसरीइतकी पक्की नाही, कारण आळशी कारकून खऱ्या बिलावरही ते खण कोरे सोडतो. तिसरी खूण उजव्या वरच्या कोपऱ्यात असते. मालाचे बिल तीन प्रतींत करायचे असते आणि प्रत्येक प्रतीवर ती कोणाची हे लिहायचे असते. घेणाऱ्याची मूळ प्रत, वाहतूकदाराची दुसरी, विकणाऱ्याची तिसरी. मूळ प्रतीवर इंग्रजीत ‘ओरिजिनल फॉर रेसिपियंट’ असे छापलेले असते. कोटेशनला किंवा प्रोफॉर्माला अशा ठरवून दिलेल्या तीन प्रती नसतात, म्हणून तो कोपरा रिकामा. नेमका हाच कोपरा आबांच्या पहिल्या फोटोत कापला गेला होता. चलनालाही तीन प्रतींचा हाच नियम आहे, पण चलन तर डाव्या सहीवरून आधीच ओळखले जाते.

पुष्कळ जण मला कागदावरच्या क्यूआरच्या ठिपक्यांच्या चौकोनाबद्दल विचारतात. तो असला म्हणजे कागद पक्का, अशी समजूत दिसते. तसे काही नाही. कोटेशनवरही पैसे पाठवण्याचा चौकोन छापलेला असतो. त्यावरून कागदाची जात ठरत नाही.

मग बिल कुठे होते?

कुठेच नव्हते. चार कागद हातात, यंत्र दारात, चाळीस हजार गेलेले, आणि बिल झालेलेच नाही. दुकानदाराला फोन केला तर त्याने सांगितले, “उरलेले सत्याहत्तर हजार सहाशे जमा करा, मग बिल देतो.”

हे उत्तर आपण सर्वांनी केव्हा ना केव्हा ऐकले आहे, आणि पुष्कळांना ते वाजवीही वाटते. पैसे पुरते दिले नाहीत तर बिल कसे मागायचे? पण बिल म्हणजे पैसे मिळाल्याचा कागद नव्हे. त्यासाठी पावती आहे. बिल म्हणजे अमुक माल अमुक किमतीला विकला, याचा कागद. जीएसटी कायद्याप्रमाणे विकलेला माल दुकानातून हलताना किंवा त्याआधीच बिल व्हायला हवे. पैसे बाकी आहेत की नाहीत, याच्याशी त्याचा संबंध नाही. उधारीवर दिलेल्या मालाचेही बिल त्याच दिवशी होते; बाकी खात्याला राहते.

आबा गुलाबी चलन घेऊन स्वतः दुकानात गेले. चलनावर तारीख होती ६ डिसेंबर, आणि त्यावर आबांची सही दुकानदाराच्याच माणसाने घेतलेली. माल पोचला हे नाकारण्याला जागा नव्हती. आबांनी आवाज चढवला नाही. “माल दिलात हे तुमचाच कागद सांगतो. मग बिलही द्या. बाकी मी नाही म्हणत नाही,” एवढेच म्हणाले. तास-दीड तास बसून राहिल्यावर बिल हाती आले.

जाण्यापूर्वी भाचीने त्यांच्याकडून एक काम करून घेतले होते. रोटाव्हेटरवरच्या पट्टीचा फोटो. दुकानात बिल हातात पडताच आबांनी खिशातला फोन काढला आणि बिलावरचा क्रमांक त्या फोटोशी एकेक अक्षर लावून पाहिला. हे फार शहाणपणाचे झाले. तपासणीला येणारा माणूस यंत्रावरची पट्टी आणि बिल ताडून पाहतो, आणि एका आकड्याची चूक झाली तरी प्रकरण अडते.

आपल्या घरी

कृषी सेवा केंद्रातला कागद याहून थोडा वेगळा असतो. खत घेताना यंत्रातून निघणारी अरुंद पट्टी आकाराने पावतीसारखी दिसते, पण तिच्यावर मालाचे नाव, पोती, दर आणि बेरीज असते. म्हणजे ती बिलच. आकाराने फसू नये. तक्ता आहे की वाक्य आहे ते पाहावे. ही पट्टी उष्णतेवर छापलेली असते आणि काही महिन्यांत पांढरी फटक होते. तिचा फोटो त्याच दिवशी काढावा.

बियाण्याच्या आणि औषधाच्या बिलात मात्र एक अरुंद रकाना मुद्दाम शोधावा, लॉट किंवा बॅच क्रमांकाचा. उगवण झाली नाही म्हणून तक्रार करायची वेळ आली, तर पिशवीवरचा लॉट क्रमांक आणि बिलातला क्रमांक एक आहे हे दाखवावे लागते. कोऱ्या वहीच्या पानावर ‘सोयाबीन २ बॅग’ असे लिहून दिलेला कागद तेथे उपयोगी पडत नाही, मग त्यावर दुकानाचा शिक्का असला तरी. मालाबरोबरच असे बिल मागून घ्यावे; चार महिन्यांनी मागायला गेलो तर दुकानदारालाही तो लॉट आठवत नाही.

फोटोबद्दल दोन शब्द. कागद हातात धरून फोटो काढू नये. बोटे नेमकी कोपऱ्यावर येतात. दारात, सावलीत, पण उजेड येईल असा कागद जमिनीवर ठेवावा. फोन अगदी वर, सरळ धरावा आणि कागदाच्या चारही बाजूंना बोटभर जमीन दिसेल इतके दूर जावे. जमीन दिसली म्हणजे कोपरे आले. कार्बनची फिकट प्रत असेल तर उजेड एका बाजूने येऊ द्यावा, दाबाने उमटलेली अक्षरे थोडी उठतात. आणि पाठवताना व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. नाहीतर वाटेत तो बारीक केला जातो आणि यंत्राच्या क्रमांकातला ८ आणि ३ ओळखू येत नाही.

संध्याकाळी भाचीचा पाचवा फोटो आला. ओट्यावर ठेवलेला कागद, चारही बाजूंना शेणाने सारवलेली जमीन. उजव्या वरच्या कोपऱ्यात मूळ प्रतीची खूण, चलनाच्या खणात ६ डिसेंबर, मालाच्या नावाखाली यंत्राचा क्रमांक आणि तळाशी दोन जुळे आकडे. आबांचा अंगठा फोटोत होताच, पण या वेळी कागदाच्या बाहेर, वारा लागून कागद उडू नये म्हणून ठेवलेल्या अडकित्त्यावर.